तोरणमाळच्या घाटात गाडीला कसं कळतं, पेट्रोल किती सोडायचं?

शहाद्याहून तोरणमाळला जाताना आपण तापीच्या सपाटीवरून निघतो आणि सातपुड्यात जवळजवळ एक हजार मीटर वर चढतो. शहादा समुद्रसपाटीपासून दीड-पावणेदोनशे मीटरवर, तर तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर. एवढ्या चढाईत हवा सुमारे ११ टक्के विरळ होते. इंजिनाच्या सिलिंडरचा आकार तोच असतो, पण प्रत्येक घोटात आत जाणारा ऑक्सिजन कमी होतो. तरीही आजची पेट्रोल गाडी काळा धूर न सोडता वर पोहोचते, कारण सीटखाली किंवा बॉनेटमध्ये बसलेला एक छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, सेकंदाला कितीतरी वेळा पेट्रोलचा हिशेब बदलत असतो.

मी सॉफ्टवेअरवाला. गाडीच्या ईसीयूकडे मी एक प्रोग्राम म्हणूनच बघतो. या प्रोग्रामची पद्धत दोन पायऱ्यांची आहे: आधी हवा मोजून अंदाज बांधायचा, मग जळून बाहेर आलेल्या धुराकडे बघून तो अंदाज तपासायचा.

आधी अंदाज. साधं पेट्रोल पूर्ण जळायला १ ग्रॅम इंधनामागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा किती ग्रॅम आली हे कळलं की १४.७ ने भागायचं, झालं इंधन. ही हवा मोजायला एअर फिल्टरच्या पुढे मॅफ सेन्सर असतो. त्यात एक बारीक तार किंवा पातळ फिल्म विजेने गरम ठेवलेली असते. हवा तिच्यावरून गेली की ती थंड होते आणि तिला पुन्हा तेवढीच गरम ठेवायला जास्त करंट लागतो. त्या करंटवरून हवेचं वजन कळतं. भारतातल्या बऱ्याच लहान गाड्यांत आणि बाईकमध्ये हा सेन्सर नसतो. तिथे मॅप सेन्सर इनटेकमधला दाब मोजतो आणि दाब, तापमान, आरपीएम यांच्यावरून ईसीयू हवेचं वजन काढतो. रस्ता वेगळा, उत्तर तेच.

आता आकडे घालून बघू. १.२ लिटरची चार सिलिंडरची गाडी उभी आहे, इंजिन ७५० आरपीएमवर आयडल करतंय आणि मॅफ सांगतोय सेकंदाला २ ग्रॅम हवा. २ भागिले १४.७ म्हणजे सेकंदाला ०.१३६ ग्रॅम पेट्रोल. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल घेतो, म्हणून चारही मिळून सेकंदाला २५ फवारे होतात. एका फवाऱ्याच्या वाट्याला येतं साडेपाच मिलिग्रॅमच्या आत. इंजेक्टर उघडा असताना मिलिसेकंदाला २.५ मिलिग्रॅम सोडत असेल, तर त्याला सुमारे २.२ मिलिसेकंद उघडं ठेवायचं. झडप प्रत्यक्ष उघडायलाच साधारण एक मिलिसेकंद जातो, तो वरून जोडायचा. ईसीयूच्या हातात एवढंच आहे: इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. पेट्रोल मोजायला त्याच्याकडे कुठलंही माप नाही.

घाटात हीच पायरी कामाला येते. समजा खाली एका ठरावीक आरपीएमला, पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर इंजिन सेकंदाला २४ ग्रॅम हवा ओढत होतं. वर, तेवढ्याच तापमानाला, तेच इंजिन २१.४ ग्रॅमच ओढेल. १४.७ च्या हिशेबाने पेट्रोल १.६३ वरून १.४६ ग्रॅमवर येतं. उंची किती हे ईसीयूला विचारावं लागत नाही. हवेचं वजनच कमी आलं, म्हणून पेट्रोल कमी. ताकद मात्र तेवढीच घटते, आणि म्हणून वरच्या वळणांवर गिअर एक खाली टाकावा लागतो. त्याला सेन्सर काय करणार?

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या जीप आणि बाईकमध्ये हे वजन मोजणारं कोणी नव्हतं. कार्ब्युरेटरला हवेचा वेग कळतो, पण हवा किती विरळ झाली हे पुरतं कळत नाही. ११ टक्के विरळ हवेत त्याचं मिश्रण साधारण ६ टक्के जास्त पेट्रोलचं होतं. प्लग काळे पडणं, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास येणं, हे तिथूनच.

आता दुसरी पायरी. हवा बरोबर मोजली तरी इंजेक्टरमध्ये थोडा कचरा असू शकतो, पंपाचा दाब कमी असू शकतो, किंवा पेट्रोलच वेगळं असू शकतं. म्हणून एक्झॉस्ट पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झाल्यावर तो आपल्या साध्या कम्युटर बाईकवरही आला. त्याच्या आत झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. ते सुमारे ३०० अंशांच्या वर तापलं की एका बाजूच्या बाहेरच्या हवेत आणि दुसऱ्या बाजूच्या धुरात ऑक्सिजनचा जो फरक असतो, त्यावर स्वतःच व्होल्टेज तयार करतं. धुरात ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडलं असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन जवळजवळ संपला असेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालं असेल, तर ०.९ च्या आसपास.

मधली पायरी जवळजवळ नाहीच. स्वयंपाकात मीठ किती कमी ते न सांगता फक्त "अळणी" किंवा "खारट" म्हणणारा माणूस असावा, तसा हा सेन्सर. म्हणून ईसीयू एक युक्ती करतो. "कमी" आलं की पेट्रोल हळूहळू वाढवत जातो, "जास्त" आलं की हळूहळू कमी करतो. व्होल्टेज सतत वर-खाली उड्या मारत राहतं आणि सरासरी बरोबर १४.७ च्या आसपास राहते. ग्राफ झुलताना दिसला तर घाबरू नका, पुढचा ऑक्सिजन सेन्सर निरोगी असल्याची ती खूण आहे. महाग गाड्यांत वाइडबँड नावाचा सेन्सर असतो, तो मात्र किती कमी-जास्त तेही सांगतो.

ही तपासणी कायम चालत नाही. सकाळी गार इंजिन सुरू केलं की सेन्सर तापेपर्यंत ईसीयू फक्त अंदाजावर चालतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बहुतेक गाड्या मुद्दाम जास्त पेट्रोल देतात आणि तेवढा वेळ सेन्सरचं ऐकत नाहीत.

या तपासणीतून निघालेली दुरुस्ती टक्क्यांत ठेवली जाते. तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे आत्ताची, क्षणाक्षणाला बदलणारी. ती बराच वेळ एकाच बाजूला झुकलेली राहिली की ईसीयू तो कल लाँग टर्म ट्रिममध्ये टाकतो आणि लक्षात ठेवतो. हवेतला बदल पहिल्या पायरीतच पकडला जातो, म्हणून तोरणमाळला जाऊनही ट्रिम फार हलत नाही. पेट्रोलमधला बदल मात्र फक्त ऑक्सिजन सेन्सरला कळतो. आपल्याकडच्या उसातून बनतं तेच इथेनॉल याचं उत्तम उदाहरण आहे. इथेनॉलच्या वजनात साधारण ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते: १ ग्रॅममागे ९ ग्रॅम. हिशेब केला तर ई१० पेट्रोलला १४.१ आणि ई२० ला १३.५ ग्रॅम हवा पुरते. ई१० धरून बनवलेल्या गाडीत ई२० भरलं की तेवढ्याच हवेला सुमारे ४ टक्के जास्त इंधन लागतं, आणि लाँग टर्म ट्रिम हळूहळू +४ वर जाऊन बसते. एवढं तिच्या सहज आवाक्यात आहे.

हे आकडे मोबाइलवर दिसतात. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये ब्लूटूथचा ईएलएम३२७ अडॅप्टर लावायचा आणि कुठलंही ओबीडी ॲप उघडायचं. माझ्या मामांची ई१० काळातली, मॅफ सेन्सरवाली गाडी सिग्नलला थांबली की थरथरायची. एका गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितला होता. मी आधी इंजिन तापवून आयडलवर दोन प्रश्न विचारले, आणि मग २५०० आरपीएमवर दुसरा प्रश्न पुन्हा:

```
01 10  ->  41 10 00 C8   (MAF,  750 rpm)
01 07  ->  41 07 93      (LTFT, 750 rpm)
01 07  ->  41 07 8A      (LTFT, 2500 rpm)
```

`00C8` म्हणजे दशमानात २००. त्याला १०० ने भागलं की सेकंदाला २ ग्रॅम हवा. ट्रिमचं सूत्र `(A-128)*100/128`. `93` म्हणजे १४७, म्हणून +१४.८ टक्के. `8A` म्हणजे १३८, म्हणून +७.८ टक्के. शॉर्ट टर्म ट्रिम दोन्ही वेळा शून्याच्या आसपास होती. ती तशी नसेल तर दोन्ही ट्रिमची बेरीज धरायची.

म्हणजे आयडलला ईसीयू १५ टक्के जास्त पेट्रोल देतोय आणि इंजिन फिरवलं की जवळपास निम्मंच. हा आकार मॅफच्या पुढे कुठूनतरी चोरून हवा आत शिरत असल्याचा आहे. चोरटी हवा साधारण तेवढीच राहते, पण मोजलेली हवा २ वरून ६ ग्रॅमवर गेली की तिचा वाटा लहान होतो. गळती सेकंदाला ०.२१ ग्रॅम धरा: आयडलला ती साडेदहा टक्के, २५०० ला साडेतीन. दोन्हीकडे उरतात चारच्या आसपास, म्हणजे ई२० चे. शेवटी क्रँककेसमधून इनटेककडे जाणारी रबरी नळी वळणाजवळ तडकलेली सापडली. तिथे बोट दाबून धरलं की शॉर्ट टर्म ट्रिम लगेच उणे जायची. नळी बदलून काही दिवस चालवल्यावर वाचन आलं `85`, म्हणजे +३.९. ऑक्सिजन सेन्सर आपलं काम नीटच करत होता. चेक लाइट लागला नव्हता, कारण बहुतेक गाड्यांत एकूण ट्रिम २०-२५ टक्क्यांपुढे गेल्यावरच `P0171` हा कोड येतो.

याच्या उलट चित्र, आयडलला ठीक पण वेगात किंवा चढावर ट्रिम वाढत जाणं, हे मॅफच्या तारेवर धूळ बसल्यावर दिसतं. आपल्याकडे उन्हाळ्यात फाटका एअर फिल्टर ठेवून गाडी चालवणाऱ्यांनी हे जरूर बघावं. कमी दाब देणारा पेट्रोल पंपही हेच चित्र देतो, म्हणून तार साफ करूनही फरक पडला नाही तर पंपाचा दाब मोजून घ्यायचा. मॅप सेन्सरच्या गाडीत चोरटी हवासुद्धा दाब वाढवते आणि मोजली जाते, म्हणून तिथे ट्रिमपेक्षा आयडलचा आरपीएम वाढलेला दिसतो.

आणि एक फसगत. हा सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. एखाद्या सिलिंडरचा प्लग चुकला तर न जळलेली हवा तशीच बाहेर येते. पेट्रोल भरपूर असतं, पण सेन्सर म्हणतो "कमी". एक्झॉस्टला सेन्सरच्या आधी भोक असेल तरी तेच होतं. ईसीयू विश्वासाने आणखी पेट्रोल ओततो आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. म्हणून ट्रिम खूप वर असेल आणि गाडी झटकेही देत असेल, तर आधी प्लग आणि कॉइल बघायचे, नळ्या नंतर.