संदिग्ध आणि मोघम : दोन दोष, दोन उपाय

प्रस्तावना

निबंधाच्या उत्तरपत्रिकेत ‘हे विधान संदिग्ध आहे’ असा शेरा आपण वाचला असेल, किंवा एखाद्या लेखकाविषयी तो स्वतः लिहिलाही असेल. दैनंदिन मराठीत ‘संदिग्ध’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. टाळाटाळीचे उत्तर, पुसट कल्पना, न कळलेली कविता, या सर्वांना आपण तोच शब्द लावतो. भाषाभ्यासात मात्र संदिग्धता आणि मोघमपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्यांवरील उपायही वेगळे आहेत. चुकीचा उपाय योजला तर विधान लांबते, पण सुधारत नाही.

1. एका गावाच्या नावावरून

मुंबई-अहमदाबाद महामार्ग वसईची खाडी जेथे ओलांडतो, तेथे अलीकडच्या काठाला मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत वरसावे हे गाव आहे. खाडीवरील पुलाला इंग्रजी वृत्तपत्रांत आणि त्यांच्या मागोमाग मराठीतही बहुधा ‘वर्सोवा पूल’ म्हटले जाते. दुसरीकडे, अंधेरीच्या पश्चिमेला समुद्रकाठी कोळ्यांचे वेसावे आहे. त्याचेही रूढ नाव ‘वर्सोवा’ असेच झाले आहे. 2014 साली सुरू झालेल्या घाटकोपर-वर्सोवा मेट्रोतील वर्सोवा ते हे. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत सुमारे 20 किलोमीटरचे अंतर आहे.

आता हे वाक्य पाहा : ‘ते वर्सोव्याजवळ राहतात.’ यात दोन्ही दोष एकत्र आले आहेत.

‘वर्सोवा’ हे नाव संदिग्ध आहे. त्याचे दोन अर्थ आहेत. दोन्ही आपापल्या जागी निश्चित आहेत, आपल्याला बोटावर मोजून सांगता येतात, आणि बोलणाऱ्याच्या मनात त्यांपैकी एकच आहे. वाचकाला प्रश्न पडतो तो निवडीचा : यांपैकी कोणता?

‘जवळ’ हा शब्द मोघम आहे. त्याला दोन अर्थ नाहीत, एकच आहे. पण त्या अर्थाला काठ नाही. वरसावे नाक्यावरचे घर जवळ आहे यात शंका नाही. ठाणे शहरातले घर जवळ नाही, यातही नाही. काशीमीऱ्याचे घर? तेथे जाणकार माणूसही अडखळेल. त्याला अर्थ कळलेला नाही असे नव्हे. त्या अर्थाची सीमाच आखलेली नाही. येथे प्रश्न निवडीचा नसून मर्यादेचा आहे : कुठपर्यंत?

उपायांचा क्रमही यातून दिसतो. ‘वर्सोव्यापासून दोन किलोमीटरवर’ असे लिहिले तर मोघमपणा गेला, पण कोणत्या वर्सोव्यापासून हे कळलेच नाही. ‘वरसाव्याजवळ’ असे लिहिले तर संदिग्धता गेली, मोघमपणा उरला. म्हणून आधी अर्थ निवडावा, मग गरज असल्यास माप द्यावे.

2. शब्दात आणि रचनेत

शब्दाच्या संदिग्धतेची जाण आपल्या परंपरेत जुनी आहे. न्यायदर्शनाच्या वात्स्यायनभाष्यात ‘नवकंबल’ हे उदाहरण येते. बोलणारा ‘नवी घोंगडी असलेला’ या अर्थाने तो शब्द योजतो; प्रतिवादी ‘नव’ म्हणजे ‘नऊ’ असा अर्थ घेऊन ‘याच्याजवळ एकच घोंगडी आहे’ असे खंडन करतो. या लबाडीला तेथे ‘वाक्छल’ म्हटले आहे. घोंगडी किती दिवस ‘नवी’ राहते, हा मात्र मोघमपणाचा प्रश्न आहे आणि त्याचा या छलाशी संबंध नाही.

निबंधात अधिक त्रास देते ती रचनेची संदिग्धता, कारण तिच्यात प्रत्येक शब्द सोपा असतो. एका विद्यार्थिनीच्या निबंधात असे वाक्य होते : ‘सर्व समीक्षकांनी ही कादंबरी स्वीकारली नाही.’ याचे दोन अर्थ होतात. एक, कोणीही स्वीकारली नाही. दुसरा, काहींनी स्वीकारली, पण सर्वांनी नाही. पहिल्या अर्थाने कादंबरी एकाकी पडली; दुसऱ्या अर्थाने तिच्यावर मतभेद झाले. पुढचा सारा युक्तिवाद यांपैकी एकावर उभा राहणार असतो. बोलताना ‘सर्व’ या शब्दावर जोर देऊन आपण दुसरा अर्थ सूचित करतो. कागदावर तो जोर उमटत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला दोष दिसत नाही आणि वाचणाऱ्याला दिसतो.

विद्यार्थिनीने दुरुस्ती केली ती अशी : ‘पाचही समीक्षकांनी ही कादंबरी स्वीकारली नाही.’ आकडा आला, पण दोन्ही अर्थ जसेच्या तसे राहिले. मोघमपणावरचे औषध संदिग्धतेला लागू पडले नाही. खरा उपाय रचना बदलण्याचा होता : ‘पाचांपैकी एकानेही ही कादंबरी स्वीकारली नाही’, किंवा ‘पाचांपैकी दोघांनी स्वीकारली, तिघांनी नाकारली’. याउलट ‘अनेक समीक्षकांनी ही कादंबरी नाकारली’ या वाक्याची रचना कितीही फिरवली तरी ‘अनेक’ म्हणजे किती हे कळणार नाही. तेथे संख्याच द्यावी लागेल.

3. निबंधात हे शब्द कसे वापरावेत

एखाद्या विधानाला ‘संदिग्ध’ म्हणायचे असेल, तर त्याचे किमान दोन अर्थ पूर्ण वाक्यांत लिहून दाखवावेत. उदाहरणार्थ : ‘“साठोत्तरी” ही संज्ञा येथे संदिग्ध आहे, तिचा अर्थ 1960 नंतरचे सर्व साहित्य असा होतो, आणि त्या काळातील प्रस्थापितविरोधी लघुनियतकालिकांशी जोडलेला प्रवाह असाही होतो.’ दोन अर्थ लिहिता आले नाहीत, तर तो शेरा मागे घ्यावा.

‘मोघम’ म्हणायचे असेल, तर सीमेवरचे उदाहरण द्यावे : ‘“दीर्घ कविता” ही संज्ञा मोघम आहे; शंभर ओळींची कविता तीत बसते की नाही, हे लेखक सांगत नाही.’

मोघमपणा दर वेळी दोष नसतो. भाषेतील एखादा बदल अमुक वर्षी घडला असे सांगता येत नसेल, तर ‘शतकाच्या उत्तरार्धात’ हेच प्रामाणिक लेखन होय. तेथे खोटा नेमकेपणा आणू नये. कवितेत संदिग्धताही हेतुपूर्वक येते. श्लेष हा अलंकार तीवरच उभा आहे, कारण तेथे निवड करायचीच नसते, दोन्ही अर्थ हवे असतात. युक्तिवादात मात्र एका परिच्छेदात एक अर्थ आणि पुढच्यात दुसरा घेतला, तर निष्कर्ष कोसळतो.

आणि कवितेचा एकही अर्थ हाती लागला नसेल, तर तिला संदिग्ध म्हणू नये, मोघमही म्हणू नये. तिच्यासाठी ‘दुर्बोध’ हा शब्द आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न

पुढील वाक्यांतील दोष ओळखून ती सुधारा.
(अ) मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिले.
(आ) त्या काळात स्त्रियांची आत्मचरित्रे कमी होती.

उत्तरे

(अ) संदिग्ध : रस्ता कोण ओलांडत होते? ‘तो रस्ता ओलांडत असताना मी त्याला पाहिले’ किंवा ‘मी रस्ता ओलांडत असताना मला तो दिसला’ अशी रचना करावी.
(आ) मोघम : ‘त्या काळात’ याच्या जागी वर्षे द्यावीत आणि ‘कमी’ म्हणजे कशाच्या तुलनेत ते सांगावे.