पत्त्यांमागचं गणित (भाग ६): हातातले एक्के कधी टाकून द्यावेत

मागच्या भागात आपण पोकरमधले हात आणि त्यांच्या जिंकण्याच्या शक्यता पाहिल्या. दोन एक्के हातात आले की समोर कुठलीही दोन पानं असोत, सरासरीने शंभरातले पंच्याऐंशी डाव आपले, हे तेव्हा सांगितलं होतं. हेच दोन एक्के समोर कुणी सगळ्या चिप्स लावल्यावर मुकाट्याने टाकून द्यावेत, अशी वेळ स्पर्धेत येते. ती का येते, ते या भागात पाहू.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत पत्ते म्हटले की पोळ्याला किंवा दिवाळीला बसणारी तीन पत्ती. तिथे दहा रुपये लावले तर ते दहाच असतात. पहिल्या डावातही दहा आणि पहाटेच्या शेवटच्या डावातही दहा. उठून जायचं तर उरलेले पैसे खिशात टाकून कुणीही केव्हाही जाऊ शकतो. पोकरमध्ये असा रोखीचा प्रकार आहेच. पण स्पर्धा, म्हणजे टूर्नामेंट, हा वेगळाच मामला आहे. तिथे प्रवेश फी एकदा भरायची आणि तिच्या बदल्यात ठरावीक चिप्स घ्यायच्या. त्या चिप्स परत देऊन पैसे मिळत नाहीत. सगळ्या चिप्स गेल्या की माणूस बाहेर, आणि कितव्या क्रमांकाला बाहेर पडला त्यावर बक्षीस. सहसा भाग घेणाऱ्यांपैकी वरच्या दहा-पंधरा टक्क्यांनाच काही मिळतं. बाकीच्यांची फी बुडते.

स्पर्धा संपावी म्हणून ब्लाइंड असतात. प्रत्येक डावात दोघांना पानं बघण्याआधी सक्तीने लावावी लागणारी रक्कम ती ब्लाइंड. लहान ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड ही पाळी टेबलाभोवती फिरत राहते आणि ठरावीक मिनिटांनी दोन्ही आकडे वाढतात. सुरुवातीला हातात शंभर-दोनशे मोठ्या ब्लाइंडएवढ्या चिप्स असतात. शेवटाकडे अनेकांकडे दहा-पंधराच उरतात. मग बारीकसारीक डावपेचांना जागा राहत नाही आणि सगळं 'ऑल-इन की फोल्ड' एवढ्यावर येतं. ऑल-इन म्हणजे सगळ्या चिप्स पुढे सारणं, फोल्ड म्हणजे पानं टाकणं.

आता सॅटेलाइट. मोठ्या स्पर्धेची फी परवडत नसलेल्यांसाठी ही छोटी स्पर्धा भरवतात. तिच्यात रोख बक्षीस नसतं, मोठ्या स्पर्धेचं तिकीट असतं. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटींवर होणाऱ्या स्पर्धांना विदर्भातली अनेक पोरं याच वाटेने जायची, आणि ही सॅटेलाइट बहुधा मोबाइलवर खेळली जायची. २२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, ॲप्सनी पैशाचे खेळ बंद केले आणि ती वाटही बंद झाली. आता जे उरलं ते कॅसिनोत जाऊन, समोरासमोर बसून. महाराष्ट्रात तीही सोय नाही. कॅसिनोंसाठी केलेला १९७६ चा कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गणित मात्र कायद्याने बदलत नाही, तेव्हा ते करून पाहू.

समजा मुख्य स्पर्धेची फी ३३,००० रुपये आहे. सॅटेलाइटची फी ३,३००. त्यातले ३०० आयोजकाचे आणि ३,००० बक्षिसाच्या खात्यात. ५५ जण बसले. खात्यात १,६५,००० रुपये जमले, म्हणजे बरोबर पाच तिकिटं. प्रत्येकाला ४,००० चिप्स मिळाल्या, म्हणजे खेळात एकूण २,२०,००० चिप्स. काही तासांनी सहा जण उरले. पाच जणांना तिकीट, सहाव्याला काहीच नाही. या सीमेला पोकरवाले बबल म्हणतात.

तुमच्याकडे ७०,००० चिप्स आहेत. समोरच्या एकाकडेही तेवढ्याच. दोघांकडे २६-२६ हजार, एकाकडे २५ हजार आणि शेवटच्याकडे फक्त ३,०००. मोठा ब्लाइंड ४,००० चा आहे, म्हणजे या शेवटच्याला ब्लाइंडची पाळी आली की तो आपोआप ऑल-इन. अशात ७०,००० वाला सगळ्या चिप्स पुढे करतो. बाकीचे पानं टाकतात. तुम्ही पानं उचलून बघता, तर दोन एक्के.

कॉल केला आणि जिंकलात तर तो बाहेर जाईल, पाच उरतील, तुम्हाला तिकीट. हरलात तर चिप्स सारख्याच असल्याने तुम्ही बाहेर. म्हणजे कॉलची किंमत तिकिटाच्या ८५ टक्के, साधारण २८,००० रुपये. पानं टाकलीत तर? तुमचे ७०,००० शाबूत. तीन हजारवाला एक-दोन फेऱ्यांत जवळजवळ नक्की उडतो, तो वाचलाच तर पंचवीस-सव्वीस हजारवाले तुमच्या आधी संकटात. काहीही न करता तुम्हाला तिकीट मिळण्याची शक्यता पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली येणं अवघड. म्हणजे निदान ३१,००० रुपये. एक्के टाकण्यात तीन हजारांहून जास्त फायदा आहे. जिंकून हातात येणाऱ्या १,४०,००० चिप्सचा उपयोगही काही नाही, कारण पाचही तिकिटं सारखीच. सर्वात जास्त चिप्स असलेल्याला दीड तिकीट मिळत नाही.

यावरून 'सॅटेलाइटमध्ये भित्रेपणा करावा' असा अर्थ कुणी काढू नये. त्याच डावात तीन हजारवाल्याने चिप्स लावल्या असत्या, तर जवळजवळ कुठल्याही दोन पानांवर त्याला कॉल करायला हरकत नव्हती. हरून सत्तरचे सदुसष्ट हजार होतात, जिंकलं तर स्पर्धाच संपते. कुणाविरुद्ध हरलो तर काय उरतं, हा प्रश्न आधी. हात किती चांगला, हा नंतर. आणि समोरच्या सत्तर हजारवाल्याचं काय? तुम्ही हे गणित जाणता असं त्याला वाटत असेल, तर वाटेल त्या पानांवर ऑल-इन करून तो ब्लाइंड उचलत राहू शकतो. तुम्ही ते जाणत नसाल, तर त्याने स्वतःचंच तिकीट विनाकारण पणाला लावलं. नवख्यांच्या टेबलावर हा दुसरा प्रकार जास्त दिसतो.

बबलवर आणखी एक गंमत चालते. टेबलं दोन-तीन असतील तर कमी चिप्सवाले मुद्दाम वेळ काढतात, दुसऱ्या टेबलावरचा कुणी आधी उडावा म्हणून. त्यावर उपाय म्हणून आयोजक 'हँड फॉर हँड' पुकारतात: सगळ्या टेबलांवर एकेक डाव वाटला जातो आणि सगळीकडचा संपल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही.

बक्षिसांची रचना माणसाला कुठे नेऊ शकते, याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे क्रिस मनीमेकर. टेनेसीतला हा अकाउंटंट २००३ मध्ये शंभर डॉलरच्या आतली फी भरून एका ऑनलाइन सॅटेलाइटमध्ये बसला आणि तिथून वरच्या सॅटेलाइटमध्ये गेला. तिथे पहिल्या तिघांना लास वेगासच्या १०,००० डॉलर फीच्या जागतिक स्पर्धेचं तिकीट होतं, पण चौथ्याला ८,००० डॉलर रोख. त्याने स्वतःच सांगितलंय की त्याला तिकीट नको होतं, चौथाच यायचं होतं. मित्राने समजावलं म्हणून तो खेळला. वेगासला ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढे जगभर पोकरचं वेड पसरलं ते त्यामुळे, असं सगळे म्हणतात. माझ्या मते त्या आठ हजार डॉलरच्या हिशेबात तो तेव्हा चुकत नव्हता. कर्ज असलेल्या नोकरदाराला हातातली रोख जास्त मोलाची.

आता साध्या, रोख बक्षिसांच्या स्पर्धेचा शेवट. तिघे उरलेत. बक्षिसं ५०,०००, ३०,००० आणि २०,००० रुपये. अ कडे ५,००० चिप्स, ब कडे ४,५००, क कडे फक्त ५००. इथे प्रत्येकाच्या चिप्सची रुपयांत किंमत काढायची एक पद्धत आहे, 'इंडिपेंडंट चिप मॉडेल'. तिचं मूळ गंमत म्हणजे घोड्यांच्या शर्यतीत आहे: हारव्हिल यांनी १९७३ मध्ये शर्यतीतल्या क्रमांकांसाठी सूत्र मांडलं आणि मेसन माल्मथ यांनी १९८७ मध्ये ते पोकरला लावलं. पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात. पहिला ठरला की उरलेल्यांत तेच प्रमाण पुन्हा लावायचं. त्याप्रमाणे अ च्या चिप्सची किंमत येते ३९,३५० रुपये, ब ची ३८,२४० आणि क ची २२,४१०.

अ ऑल-इन करतो, क पानं टाकतो, ब ला ठरवायचंय. (ब्लाइंडचे थोडे आकडे सोयीसाठी सोडून देऊ.) ब हरला तर तिसरा, हाती २०,०००. जिंकला तर त्याच्याकडे ९,००० चिप्स होतात, पण त्यांची किंमत होते ४७,९५० रुपये. चिप्स दुप्पट, पैसे मात्र सव्वापटच झाले. म्हणजे पणाला १८,२४० रुपये आणि मिळकत ९,७१०. या सौद्यासाठी ब ला शंभरातून पासष्टहून जास्त वेळा जिंकावं लागेल. रोखीच्या खेळात पन्नासच्या वर गेलं की पुरतं. आठांची जोडी विरुद्ध एक्का-राजा, हा डाव रोखीत आनंदाने घेण्यासारखा. इथे तो पंचावन्न टक्क्यांचा, म्हणून टाकायचा.

सर्वात मजेशीर हिशेब क चा आहे. ब ने कॉल केला आणि हरला, तर क एकही पान न खेळता दुसरा ठरतो आणि त्याच्या चिप्सची किंमत ३१,००० वर जाते. ब जिंकला, तरी अ कडेही ५०० च उरतात आणि क ची किंमत २६,००० च्या आसपास. दोन मोठे एकमेकांना भिडले की निकाल काहीही लागो, पैसा तिसऱ्याकडे सरकतो. म्हणून अशा वेळी अनुभवी मोठे खेळाडू एकमेकांपासून दूर राहतात आणि पाळीपाळीने लहानाच्या ब्लाइंडवर धाड घालतात.

चिप्सची किंमत काढायच्या या पद्धतीला मर्यादा आहेत. कोण जास्त चांगला खेळतो, पुढच्याच डावात कुणाला ब्लाइंड द्यायचाय, यातलं तिला काहीच कळत नाही. क ची ब्लाइंडची पाळी आता असेल, तर त्याचे २२,४१० प्रत्यक्षात कमीच.

तरीही शेवटच्या टेबलावर तडजोड होते तेव्हा हेच आकडे कागदावर मांडले जातात. आयोजक परवानगी देत असेल तर तिघे थांबून उरलेली बक्षिसं वाटून घेतात. दुसरी, जुनी रीत अशी: आधी सगळ्यांना तिसऱ्याचे २०,००० द्यायचे आणि राहिलेले ४०,००० चिप्सच्या प्रमाणात वाटायचे. तसं केलं तर अ ला ४०,०००, ब ला ३८,००० आणि क ला २२,००० मिळतात. अ चे ६५० रुपये वाढले, ब चे २४० आणि क चे ४१० गेले. जास्त चिप्सवाला नेहमी ही रीत का सुचवतो, ते यावरून कळतं. पुढच्या भागात वाटाघाटीचं हे प्रकरण आणि त्यावर लागणारा ३० टक्के आयकर.