हातउसने पैसे परत मागताना

आतेभावाच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, फी भरायला साठ हजार कमी पडले आणि आपण ते दिले. “दिवाळीला देतो,” असं दादा म्हणाला होता. दिवाळी झाली, संक्रांत झाली, दादा विषय काढत नाही. आता तो आपल्या घरी यायचंही टाळू लागलाय. नात्यातल्या उसनवारीत माणूस दुरावतो तो बहुधा इथेच, पैसे मागण्याआधी.

अशा वेळी बरेच जण आत्याच्या कानावर घालतात, किंवा लग्नाच्या पंगतीत “मग, काय म्हणतोय आमचा व्यवहार?” असं हसत हसत बोलतात. दोन्ही वाईट. चारचौघांत गेलेली अब्रू पैसे फेडूनही भरून येत नाही. “मीच अडचणीत आहे” हा खोटा बहाणाही नको, कारण पुढच्या महिन्यात दारात नवी गाडी दिसली की तो उघडा पडतो.

दादाचा पगार झाला की त्याच आठवड्यात त्याला एकट्याला फोन करा. मुलीची चौकशी करा, पण विषयावर लवकर या: “दादा, जूनमधल्या साठ हजारांचं बोलायचं होतं. एकदम जमत नसेल तर महिन्याला किती जमतील, ते तूच सांग.” उशीर का झाला, हे विचारू नका. कारण विचारलं की माणूस सफाई देत बसतो, आकडा विचारला की हिशेब करायला लागतो. तो दहा हजार म्हणाला, तरी त्याची ओढाताण आपल्याला ठाऊक असेल तर आपणच पाचावर आणा. मोठा हप्ता दुसऱ्याच महिन्यात चुकतो आणि पुन्हा तोंड चुकवणं सुरू होतं.

फोन ठेवल्यावर लगेच मेसेज करा: “दादा, बोलल्याप्रमाणे ६०,००० पैकी दर महिन्याच्या ७ तारखेला ५,०००. बरोबर ना?” त्याचं “हो” आलं की पुढची आठवण आपल्याला नव्याने काढावी लागत नाही, तारीखच काढते. हप्ते खात्यावरच घ्या. वीस हजार किंवा त्याहून मोठ्या उसनवारीत रोखीची देवघेव आयकर कायद्याला साधारणपणे चालत नाही.

एक मुदत मात्र ध्यानात ठेवा. उसने दिलेले पैसे वसूल करण्यासाठी दावा लावायला १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे सहसा तीनच वर्षं मिळतात. ती संपण्याआधी दादाने किती रक्कम बाकी आहे हे लिहून सही करून दिलं, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. कोर्टात कोणालाच जायचं नसतं, पण हा कागद दुसऱ्या वर्षी, संबंध गोड असतानाच मागावा.

आणि दादाची नोकरीच गेली असेल, उरलेले पैसे सोडायचं आपण ठरवलं असेल, तर ते त्याला स्पष्ट सांगा. नाहीतर तो आपल्या दारात यायला कचरतच राहील.