पाच शेजारी, सहा रंग

कागदावर काही बिंदू काढून त्यांतल्या काही जोड्या रेषांनी जोडल्या की जे तयार होते त्याला गणितात आलेख म्हणतात. शाळेत काढतात त्या आलेखाशी याचा संबंध नाही. इथे बिंदू कुठे आहे याला महत्त्व नसते, तो कोणाकोणाला जोडलेला आहे एवढेच पाहायचे. दोन बिंदूंमध्ये फार तर एकच रेषा असते आणि बिंदूची स्वतःशी जोडणी नसते. एका बिंदूपासून जितक्या रेषा निघतात ती त्याची कोटी, म्हणजे साध्या भाषेत त्याच्या शेजाऱ्यांची संख्या. एकही रेषा दुसरीला न छेदता सगळा आलेख सपाट कागदावर काढता आला तर तो प्रतलीय आलेख. रेषा वाकड्या काढायला हरकत नाही, फक्त त्या एकमेकींना ओलांडून जाता कामा नयेत.

नकाशा हे याचे ओळखीचे उदाहरण. प्रत्येक राज्यासाठी एक बिंदू घ्यायचा आणि दोन राज्यांची हद्द लागून असेल तर त्यांचे बिंदू जोडायचे. रेषा त्या हद्दीवरूनच पलीकडे नेली तर छेद कुठेच होत नाही. नुसत्या टोकाशी भेटणारी राज्ये शेजारी धरत नाहीत, नाहीतर गोल भाकरीच्या तुकड्यांसारखी कापलेली शंभर राज्ये मधल्या एका बिंदूपाशी एकमेकांची शेजारी ठरतील. नकाशा रंगवताना लागून असलेल्या राज्यांना वेगळे रंग द्यायचे, म्हणजे आलेखात जोडलेल्या बिंदूंना वेगळे रंग द्यायचे.

प्रतलीय आलेख कितीही मोठा आणि गुंतागुंतीचा असो, पाच किंवा त्याहून कमी शेजारी असलेला एक तरी बिंदू त्यात असतोच. विधान काहीसे अनपेक्षित आहे, कारण एखाद्या बिंदूला हजार शेजारीही असू शकतात. पण सगळ्यांनाच सहा-सहा शेजारी मिळणे शक्य नाही. कागदावर तेवढी जागा का नसते, हे लेओनार्ड ऑयलर यांच्या एका सूत्रातून कळते. त्यांनी ते १७५० साली गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात घनाकृतींच्या संदर्भात मांडले होते, आणि आठवीच्या मुलांना ते आजही त्याच रूपात भेटते.

आलेख एकसंध असेल, म्हणजे कोणत्याही बिंदूपासून रेषांवरून चालत दुसऱ्या कोणत्याही बिंदूपर्यंत जाता येत असेल, तर रेषांमुळे कागदाचे कप्पे पडतात. बाहेरचा मोकळा भाग हाही एक कप्पा धरायचा. बिंदूंची संख्या V, रेषांची E आणि कप्प्यांची F असेल तर V − E + F = २. हे पटवून घ्यायला आलेख रेषेरेषेने वाढवत नेला की पुरते. सुरुवातीला एकच बिंदू: V एक, E शून्य, कप्पा एक, एकूण दोन. आहे त्या आलेखाला नवी रेषा आणि तिच्या टोकाला नवा बिंदू जोडला तर V आणि E दोन्ही एकाने वाढतात, उत्तर तेच राहते. जुन्याच दोन बिंदूंना नवी रेषा जोडली तर ती एका कप्प्याचे दोन कप्पे करते, E आणि F एकेकाने वाढतात, उत्तर पुन्हा तेच. आलेख वाढवण्याचा तिसरा मार्गच नाही.

आता रेषांच्या बाजू मोजायच्या. प्रत्येक रेषेला दोन बाजू असतात आणि प्रत्येक बाजू कोणत्या ना कोणत्या कप्प्याकडे असते. म्हणून सगळ्या कप्प्यांच्या कडांची एकूण मोजणी २E येते. अधांतरी टोक असलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच कप्पा असतो, तेव्हा ती त्याच कप्प्यात दोनदा मोजायची. दोन बिंदूंत दुहेरी रेषा नसल्यामुळे कोणत्याही कप्प्याला तीनपेक्षा कमी कडा असत नाहीत (एकदोन बिंदूंचे क्षुल्लक आलेख सोडून). त्यामुळे २E निदान ३F एवढे असते, म्हणजे F फार तर E च्या दोन तृतीयांश. हे ऑयलरच्या सूत्रात घातले की E ≤ ३V − ६ मिळते. आलेखाचे सुटे तुकडे असतील तर रेषा याहून कमीच असतात, वाढत नाहीत.

शेवटची पायरी हस्तांदोलनाच्या हिशेबासारखी आहे. प्रत्येक रेषा दोन बिंदूंच्या खात्यात एकेकदा जमा होते, म्हणून सगळ्या कोटींची बेरीज २E. ती फार तर ६V − १२, म्हणजे ६V पेक्षा किमान बाराने कमी. प्रत्येक बिंदूला सहा किंवा जास्त शेजारी असते तर बेरीज किमान ६V झाली असती. ते जमत नाही, तेव्हा पाच किंवा कमी शेजारी असलेला बिंदू असलाच पाहिजे.

ही बाराची तूट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोणाचीही कोटी पाचपेक्षा कमी नाही असे ठरवले, तर पाच शेजारी असलेला प्रत्येक बिंदू तुटीत एकाचीच भर घालतो, म्हणून असे बिंदू किमान बारा लागतात. विंशतिफलक या घनाकृतीत नेमके तेवढेच आहेत: १२ शिरोबिंदू, ३० कडा, २० त्रिकोणी पृष्ठे, आणि प्रत्येक शिरोबिंदूला पाच शेजारी. म्हणजे विधानातला ‘पाच’ हा आकडा ‘चार’वर आणता येत नाही. जुन्या काळ्यापांढऱ्या फुटबॉलकडे नकाशा म्हणून पाहिले तरी हाच हिशेब दिसतो. पांढऱ्या २० षटकोनांना सहा-सहा शेजारी आणि काळ्या पंचकोनांना पाच-पाच. पंचकोन मोजून पाहावेत, बाराच भरतात.

यातून सहा रंगांचे प्रमेय निघते ते असे. दिलेल्या आलेखातून पाच किंवा कमी शेजारी असलेला बिंदू त्याच्या रेषांसकट काढून टाकायचा. उरलेला आलेखही प्रतलीयच असतो, कारण रेषा पुसल्याने नवा छेद तयार होत नाही. म्हणून त्यातही असा बिंदू सापडतो, तोही काढायचा, आणि आलेख संपेपर्यंत हेच करत राहायचे. मग उलट क्रमाने एकेक बिंदू परत ठेवत रंगवायचे. परत येणाऱ्या प्रत्येक बिंदूला त्या वेळी फार तर पाच रंगवलेले शेजारी असतात. त्यांनी पाच वेगळे रंग अडवले तरी सहावा मोकळा राहतो.

भारताच्या नकाशाचा दक्षिण-पश्चिम भाग घेऊन हे करून पाहता येते. केंद्रशासित प्रदेश बाजूला ठेवून महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक, गोवा, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि केरळ अशी दहा राज्ये घेतली, तर त्यांच्यात १८ हद्दी येतात. मर्यादा ३ × १० − ६, म्हणजे २४ ची, त्यामुळे हिशेब सैलच आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांना सहा-सहा शेजारी आहेत, म्हणून सुरुवातीला त्यांना हात लावायचा नाही. गोवा, केरळ आणि गुजरात यांना दोनच शेजारी, ती आधी काढायची. मग तमिळनाडू आणि मध्य प्रदेश यांनाही दोनच उरतात, तीही निघतात. एव्हाना महाराष्ट्राचे शेजारी सहावरून तीनवर आलेले असतात: छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक. गजबजलेल्या बिंदूची काळजी करावी लागत नाही ती यामुळे, आजूबाजूचे गेले की तोही मोकळा होतो. महाराष्ट्रानंतर छत्तीसगड, कर्नाटक, तेलंगणा आणि शेवटी आंध्र काढायचे.

आता उलट्या क्रमाने, प्रत्येक वेळी चालेल तो सर्वात लहान क्रमांकाचा रंग द्यायचा. आंध्रला १, तेलंगणाला २. कर्नाटक दोघांनाही लागून आहे, म्हणून ३; छत्तीसगडचेही तसेच, पण कर्नाटकाशी त्याची हद्द नाही, म्हणून त्यालाही ३. महाराष्ट्राभोवती २ आणि ३ आहेत, त्याला १ मिळतो. मध्य प्रदेश आणि तमिळनाडूला २, गुजरातला ३, केरळला १ आणि गोव्याला २. सहाची मुभा असताना तीन रंगांत काम झाले. सगळीकडे असे होत नाही. लक्झेंबर्ग, बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी हे चारही देश एकमेकांना लागून आहेत, तिथे चार रंग लागतातच.

क्रम न पाळता हाती येईल तो बिंदू रंगवत गेले तर मात्र सहाची हमी उरत नाही. एका ओळीत जोडलेले चार बिंदू दोन रंगांत होतात, पण आधी दोन टोकांना १ दिला तर मधल्या दोघांपैकी एकाला २ आणि दुसऱ्याला ३ द्यावा लागतो. हीच खोडी वाढवत नेली तर ६४ बिंदूंचा असा झाडासारखा आलेख बनवता येतो, की जो दोन रंगांत सहज होतो, पण वाईट क्रमाने रंगवल्यास सात रंग खातो.

आल्फ्रेड केंप यांनी १८७९ मध्ये पाच शेजाऱ्यांचाच आधार घेऊन चार रंग पुरतात असे सिद्ध केल्याचे जाहीर केले. पर्सी हीवुड यांनी १८९० मध्ये त्यातली चूक दाखवली आणि केंप यांच्याच युक्तीने पाच रंग नक्की पुरतात हे सिद्ध केले. पाच रंगांसाठी नुसती मोजणी पुरत नाही, पाचही शेजारी वेगळ्या रंगांचे असतील तेव्हा आधी दिलेले रंग मागे जाऊन बदलावे लागतात. चारपर्यंत पोचायला १९७६ साल उजाडले. ॲपल आणि हाकेन यांनी त्यासाठी संगणकाची मदत घेतली. सहा रंगांना यातले काहीच लागत नाही.

हीवुड यांच्या त्याच लेखात आणखी एक प्रश्न होता: एका देशाचे दोन सुटे तुकडे असतील आणि दोन्हींना एकच रंग द्यायचा असेल तर काय? पुदुच्चेरी हे याचे घरचे उदाहरण. पुदुच्चेरी आणि कारैकल तमिळनाडूला लागून, माहे केरळला, यानम आंध्रला. असे तुकडे एकाच बिंदूत गोळा केले की रेषा एकमेकींना छेदू शकतात, आलेख प्रतलीय राहत नाही आणि पाच शेजाऱ्यांचे विधान लागू होत नाही. मोजणी मात्र तशीच चालते. प्रत्येक देशाचे फार तर दोन तुकडे असतील तर तुकड्यांचे सरासरी शेजारी सहापेक्षा कमी, म्हणून देशांचे बारापेक्षा कमी, आणि बारा रंग पुरतात. सपाट नकाशात सहाचे पुढे चार झाले, इथे मात्र बारा कमी करता येत नाहीत: दोन-दोन तुकड्यांचे बारा देश, प्रत्येक जण बाकी अकरांना लागून, असा नकाशा हीवुड यांनी काढून दाखवला होता.