वैवाहिक जाहिरातींतील संक्षेप : विस्तार आणि मराठी अनुवाद

इंग्रजी वृत्तपत्रांच्या जुन्या कात्रणांतील वैवाहिक जाहिराती सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून वापरताना अभ्यासकासमोर पहिली अडचण उभी राहते ती संक्षेपांची. छोट्या जाहिरातींचे शुल्क शब्दांवर किंवा ओळींवर आकारले जात असे. त्यामुळे प्रत्येक अक्षर वाचविण्याकडे जाहिरातदाराचा कल असे. ‘फॉर’ या शब्दाऐवजी उच्चारसाम्यामुळे ४ हा आकडा छापण्याची रीत त्यातूनच रूढ झाली. अशा मजकुराचा अनुवाद एका टप्प्यात करू नये, आधी इंग्रजीतच पूर्ण विस्तार करून मगच मराठीकडे वळावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याची कारणे एका उदाहरणावरून स्पष्ट होतील. कोणत्याही कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून पुढील नमुना अशा जाहिरातींतील प्रयोग एकत्र करून रचला आहे.

‘एस.एम. ४ के.बी. गर्ल, नॉन-गौतम, २६/१५८, व्हीटिश, होमली, बँक एम्प., इन्नोसंट डिव्ह. पी.क्यू. प्रिफ. डिसेंट मॅरेज. बी.एच.पी. मस्ट.’

यातील बराचसा भाग सहज उलगडतो. ‘एस.एम. ४’ म्हणजे ‘सूटेबल मॅच फॉर’, तिरप्या रेषेच्या अलीकडे वय व पलीकडे सेंटिमीटरमधील उंची, ‘पी.क्यू. प्रिफ.’ म्हणजे व्यावसायिक पदवीधारकास प्राधान्य, आणि ‘बी.एच.पी.’ म्हणजे बायोडेटा, हॉरोस्कोप व फोटो. यानंतर तिसरा आकडा आला असता तर तो बहुधा मासिक वेतनाचा मानावा लागला असता.

खरी अडचण ‘के.बी.’ची आहे. या अक्षरांचा विस्तार ‘कोकणस्थ ब्राह्मण’ असाही होतो आणि ‘कऱ्हाडे ब्राह्मण’ असाही. येथे विस्तारकाने सवयीवर विसंबू नये, शेजारचा शब्द पाहावा. ‘नॉन-गौतम’ हे वगळणीचे पद आहे. सगोत्र विवाहास १९४६ च्या कायद्याने मान्यता मिळाली, तरी तो टाळण्याची रूढी टिकून राहिली. म्हणून जे गोत्र नको म्हटले आहे ते बहुधा मुलीचे स्वतःचेच असते. कोकणस्थांच्या परंपरागत १४ गोत्रांत गौतम नाही, कऱ्हाड्यांत ते आहे. तेव्हा येथे ‘कऱ्हाडे’ हाच विस्तार संभवतो. गोत्र काश्यप किंवा भारद्वाज असते तर मात्र हा निकष निरुपयोगी ठरला असता. अशा वेळी दोन्ही विस्तार नोंदवून पुढे जावे.

दुसऱ्या टप्प्यातील धोके निराळे आहेत. ‘होमली’ हा शब्द अमेरिकन इंग्रजीत ‘दिसायला सामान्य’ अशा उण्या अर्थाने येतो. भारतीय जाहिरातीत तो गुणवाचक आहे. मराठी जाहिरातींच्या परिभाषेत त्यासाठी ‘गृहकृत्यदक्ष’ हा शब्द तयारच आहे. ‘इन्नोसंट डिव्होर्सी’चा अनुवाद ‘निष्पाप घटस्फोटिता’ असा केल्यास अर्थाचा अनर्थ होतो. त्यातून अन्य घटस्फोटित स्त्रिया दोषी असल्याचे सूचित होते, आणि या मुलीविषयी जे सांगावयाचे आहे तेही हरवते. विवाह झाला, परंतु सहजीवन जवळजवळ घडलेच नाही, एवढेच कुटुंबाला कळवावयाचे असते. मराठीत यासाठी ‘नाममात्र घटस्फोटित’ असा प्रयोग होतो. (त्यामागील सामाजिक दृष्टी आपणांस रुचो वा न रुचो, अनुवादात ती झाकण्याचे कारण नाही.)

त्यानुसार नमुन्याचा अनुवाद असा होईल : ‘कऱ्हाडे ब्राह्मण मुलीसाठी (गौतम गोत्र वगळून) अनुरूप वर हवा. वय २६, उंची १५८ सें.मी., गहूवर्णी, गृहकृत्यदक्ष, बँकेत नोकरी, नाममात्र घटस्फोटित. व्यावसायिक पदवीधरास प्राधान्य. विवाह यथोचित करून दिला जाईल. माहिती, पत्रिका व फोटो आवश्यक.’

‘डिसेंट मॅरेज’चे ‘यथोचित विवाह’ हे भाषांतर हेतुतः संदिग्ध ठेवले आहे. वधूपक्ष खर्च करण्यास तयार आहे, हा त्यातील संकेत त्या काळच्या वाचकास कळत असे. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ मध्ये १९८६ च्या दुरुस्तीने कलम ४-अ समाविष्ट झाले आणि विवाहाचा मोबदला म्हणून पैसा, मालमत्तेतील किंवा व्यवसायातील वाटा देऊ करणारी जाहिरात दंडनीय ठरली. म्हणून ‘हुंडा दिला जाईल’ असा अनुवाद केल्यास जाहिरातदाराने छापण्याचे टाळलेले विधान, आणि १९८६ नंतरचे कात्रण असल्यास एक अपराधही, आपण त्याच्या नावावर घालतो. हा संकेत तळटीपेत स्पष्ट करावा. मजकुरात तो मूळ जाहिरातीइतकाच मोघम राहू द्यावा.