तेल वाटीने नाही, खोलीने मोजा

पुऱ्यांना तेल किती घ्यायचं, असं विचारलं की घरोघरी उत्तर वाट्यांत मिळतं. पण त्याच तीन वाट्या एका कढईत भरपूर होतात आणि दुसरीत पुरी तळाला टेकते. पुरीला तेल किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. आपल्या खाली ते किती खोल आहे, एवढंच तिला कळतं.

घरातली पसरट कढई घ्या: तोंड 28 सेंटिमीटर, मधली खोली 8. तळ गोलसर असल्यामुळे तेल आधी मधल्या खळग्यात जमतं. त्यात 200 मिली तेल ओतलं, तर मध्यभागी 2 सेंटिमीटर खोली मिळते आणि तेलाचं वर्तुळ साधारण 15 सेंटिमीटर रुंद होतं. खोली 3 करायची तर 430 मिली लागतं, आणि 4 करायची तर 750. म्हणजे खोली दुप्पट केली की तेल जवळजवळ चौपट होतं, कारण वर जावं तसा खळगा रुंदावत जातो. वाटीचा अंदाज चुकतो तो इथेच.

पुरीसाठी 3 सेंटिमीटर पुरतात. ती पातळ असते, तेलात सोडल्यावर बुडते आणि लगेच वर येते. झाऱ्याने हलकं दाबलं तरी तळाला लागता कामा नये. पसरट कढईत एवढ्या खोलीवर तेल 19 सेंटिमीटर रुंद होतं, आणि हाताएवढ्या, 10 सेंटिमीटरच्या दोन पुऱ्या त्यात शेजारी शेजारी मावत नाहीत. एकेकच तळायची असेल तर रुंदीचा उपयोग काय? 20 सेंटिमीटर तोंडाच्या, तितक्याच खोल लहान कढईत हीच खोली 260 मिलीत मिळते आणि पुरीपुरती जागाही होते. चौघांच्या घरी पुऱ्यांसाठी मी लहान कढईच काढीन.

बटाटेवड्याचं गणित वेगळं. साडेचार सेंटिमीटरचा वडा आधी तळाशी जातो, मग पिठातलं पाणी वाफ होऊन बुडबुडे सुटू लागले की वर तरंगतो. तेल उथळ असेल तर तो तळावर बसूनच राहतो आणि एका बाजूला चपटा, काळपट डाग पडतो. असा डाग दिसला की आच मोठी होती म्हणून गॅसला दोष देण्याआधी खोली बघावी. वड्यांना 4 सेंटिमीटर हवेत, आणि इथे पसरट कढई कामाची: चार वडे मोकळेपणाने फिरतात. ते चार वडे स्वतःची जागा घेतात, त्यामुळे तेल अर्धा सेंटिमीटर वर चढतं. वर फेसही येतो. म्हणून वडे सोडण्याआधी कढई अर्ध्याहून जास्त भरलेली नसावी.

चारऐवजी आठ वडे घातले तर? थंड वडे आणि त्यांची वाफ तेलाची उष्णता ओढून घेतात. बुडबुडे मंदावतात, आवरण कडक व्हायला वेळ लागतो आणि वडा तेलकट होतो. भरपूर तेलात पदार्थ जास्त तेल पितो असं म्हणतात, पण खरी अडचण बहुधा थंड झालेल्या तेलाची असते.

आता शॅलो फ्राय, आणि त्यासाठी पसरट कढई मला मुळीच पटत नाही. उकडलेली कोथिंबीर वडी आतून शिजलेलीच असते, तिला फक्त वरून कुरकुरीतपणा हवा. 24 सेंटिमीटरच्या सपाट पॅनमध्ये 135 मिली तेल सगळीकडे 3 मिलिमीटर पसरतं आणि दहा-बारा वड्या एकदम बसतात. कढईत तेल कमी घेतलं की ते मधेच साचतं. काठाकडच्या वड्या कोरड्या भाजतात, किंवा घसरून मधल्यांवर चढतात. कढईच वापरायची असेल तर शॅलो फ्रायचा हट्ट सोडून, 200 मिलीच्या त्या खळग्यात तीन-चार वड्या बुडवून तळाव्यात.

कच्च्या पदार्थाला, म्हणजे रवा लावलेल्या सुरमईच्या तुकडीला, पॅनमध्येही तेल तिच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत यावं. त्याहून कमी पडलं तर दोन्ही बाजू तांबूस होतात, पण कडेला मधोमध एक फिकट पट्टा राहतो.

आपल्या कढईचा हिशेब एकदाच करून ठेवता येतो. मापाने पाणी ओतत जा, पट्टी मधोमध उभी धरा आणि 3 व 4 सेंटिमीटरला किती मिली लागलं ते लिहून ठेवा. मग कढई पुसून, थोडी तापवून पूर्ण कोरडी करा. राहिलेला थेंब गरम तेलात तडतडून अंगावर उडतो.

तळता तळता तेल कमी होतं, आणि पुरी झाऱ्याखाली तळाला घासू लागली की ते जाणवतं. तेव्हा घाणा संपल्यावरच नवं तेल घालावं आणि पिठाची गोळी टाकून बघावी. ती लगेच वर आली, की पुढची पुरी सोडायची.