शीर्षकात काय हवं, काय नको: महाडच्या एका चाचणीची गोष्ट

कोकणात लाल विंचू चावला की दुखण्यावर भागत नाही. विष अंगात भिनलं की दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि पुढे हृदय थकून फुफ्फुसांत पाणी भरू शकतं. रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांना प्राझोसिन द्यायला सुरुवात केली. मुळात हे रक्तदाबाचं औषध. त्याने विंचूदंशाचे मृत्यू खूप खाली आले. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही मिळू लागलं आणि साहजिक प्रश्न आला: प्राझोसिन हाताशी असताना जोडीला प्रतिविष दिलं, तर आणखी काही पदरात पडतं का?

डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा प्रश्न 70 रुग्णांवरच्या चाचणीत तपासला. 35 जणांना दोन्ही औषधं, 35 जणांना नुसतं प्राझोसिन. 10 तासांनी पहिल्या गटातले 32 जण विषाच्या लक्षणांतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले 8. हा शोधनिबंध 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्याचं इंग्रजी शीर्षक मराठीत आणलं तर साधारण असं होईल: ‘विषारी विंचवाच्या (मेसोबुथस टॅमुलस) दंशावर नुसत्या प्राझोसिनच्या तुलनेत प्रतिविष अधिक प्राझोसिन यांची परिणामकारकता आणि सुरक्षितता: रँडमाइज्ड, ओपन लेबल वैद्यकीय चाचणी’.

मुळात हे शीर्षक 23 शब्दांचं आहे. आखूड म्हणता येणार नाही, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द राबतो. ते कसं, हे कळण्यासाठी याच चाचणीला आपल्याकडच्या प्रबंधांत नेहमी दिसणाऱ्या धर्तीची दोन शीर्षकं देऊन पाहू. पहिलं, ‘विंचूदंशावरील उपचारांचा अभ्यास’. दुसरं, ‘ग्रामीण भागातील रुग्णालयात दाखल झालेल्या विंचूदंशाच्या रुग्णांमध्ये प्रतिविषाच्या भूमिकेचे मूल्यमापन करण्याच्या दृष्टीने केलेला एक तौलनिक अभ्यास’. पहिलं मोघम आहे, दुसरं लांबलचक. पण दोघांतही उणीव एकच आहे, आणि लांबीने ती भरून निघालेली नाही: तुलना कशाशी केली आणि कशी केली, हे दोन्हींत नाही.

‘नुसत्या प्राझोसिनच्या तुलनेत’ हा तुकडा काढून टाका. ‘प्रतिविषाची परिणामकारकता’ एवढंच वाचणाऱ्या डॉक्टरला वाटेल की एका गटाला प्रतिविष मिळालं आणि दुसऱ्याला काहीच नाही. त्यातून तो प्राझोसिन बाजूला ठेवून प्रतिविषावर विसंबू लागला, तर तो चाचणीच्या नेमका उलट वागेल. कारण प्राझोसिन दोन्ही गटांना मिळालं होतं. प्रश्न भर घालण्याचा होता, जागा घेण्याचा नव्हता. चाचणीच्या शीर्षकातून सर्वात जास्त वेळा गळतो तो हा तुलनेचा भाग, आणि माझ्या मते तो गळणं सर्वात घातक.

आता विसर्गचिन्हानंतरचे शब्द. ‘रँडमाइज्ड’ म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टरांनी ठरवलं नाही, ते नशिबावर सोपवलं. त्यामुळे बऱ्या अवस्थेतले रुग्ण एका गटात गोळा होण्याची भीती राहत नाही. चाचणी अशी असेल तर तसं शीर्षकातच लिहावं, ही अशा चाचण्यांच्या लेखनासाठीच्या ‘कन्सॉर्ट’ या आंतरराष्ट्रीय नियमावलीतली अगदी पहिली अपेक्षा आहे. त्यामागचं कारण व्यवहाराचं आहे. एखाद्या उपचाराचा सगळा पुरावा गोळा करणारे संशोधक शेकडो-हजारो शीर्षकं आणि सारांश भराभर चाळतात. तिथे खूण दिसली नाही, तर चांगली चाचणीही बाजूला पडू शकते.

‘ओपन लेबल’ हा शब्द मात्र वाचकाला सावध करण्यासाठी आहे. कोणाला काय दिलं आहे, हे या चाचणीत लपवलेलं नव्हतं. घाम थांबला का, हातपाय गरम झाले का, हे ठरवणाऱ्या डॉक्टरला रुग्णाचा गट माहीत असेल, तर नकळत नजर झुकू शकते. आपल्या चाचणीची ही मर्यादा लेखकांनी दाराशीच सांगितली, याचं मला मोल वाटतं.

तरीही या शीर्षकात मी थोडा फेरफार केला असता. ‘विषारी’ शब्द गाळला असता, कारण जातीच्या नावात तो अर्थ आलेलाच आहे. त्या जागी रुग्णांची अवस्था सांगितली असती. वेदनेच्या पुढे जाऊन विषाचा अंमल सर्वांगावर दिसू लागलेले, वैद्यकीय भाषेत दुसऱ्या श्रेणीचे रुग्णच या चाचणीत घेतले होते. त्याहून गंभीर रुग्णांबद्दल ती थेट काही सांगत नाही. ‘सुरक्षितता’ शब्दावरही मी थांबलो असतो. प्रतिविष मिळालं 35 जणांना. हजारात एखाद्याला होणारा दुष्परिणाम एवढ्या लोकांत बहुधा दिसणारच नाही. ‘प्रतिविष आणि प्राझोसिनमुळे 10 तासांत बरे होण्याचे प्रमाण’ असं लिहिलं असतं, तर मोजलं तेवढंच शीर्षकात आलं असतं.

मग निकालच शीर्षकात का घालू नये? ‘प्रतिविषाने विंचूदंशाचे रुग्ण लवकर बरे होतात’ हे वाचायला सोपं आहे. पण तसं लिहिलं की एका गावातल्या 70 रुग्णांचा अनुभव कायमच्या नियमासारखा वाचला जातो. पुढच्या चाचणीत वेगळं आढळलं, तरी आधीचं विधान छापील शीर्षकात तसंच राहतं. म्हणून मोठी नियतकालिकं सहसा प्रश्न आणि पद्धत मागतात, निकाल सारांशावर सोडतात.

पद्धतीचं नाव खरं असणंही तितकंच महत्त्वाचं. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतला नवजात बालकांच्या घरगुती काळजीवरचा निबंध 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. शीर्षकाच्या शेवटी ‘ग्रामीण भारतातील क्षेत्रीय चाचणी’ अशा अर्थाचे शब्द आहेत. 39 गावांत काळजी दिली, 47 गावांशी तुलना केली, पण गावांची वाटणी नशिबावर सोपवलेली नव्हती. म्हणून ‘रँडमाइज्ड’ हा वजनदार शब्द तिथे नाही. स्थळ मात्र आहे, आणि ते असायलाच हवं होतं. दवाखाना दूर असलेल्या खेड्यात गावातल्याच बाईने घरी जाऊन बाळाची काळजी घेणं, हाच तर त्या कामाचा गाभा होता. महाडच्या शीर्षकात गावाचं नाव नसलं तरी चालतं, कारण तिथे फरक पाडणारी गोष्ट विंचवाची जात ही आहे.

त्या जातीच्या नावातही एक अडचण आहे. प्राणिशास्त्रज्ञ आता या विंचवाला बहुधा हॉटेंटोटा टॅमुलस म्हणतात. फक्त नव्या नावाने शोधणाऱ्याला जुनं शीर्षक सापडेलच असं नाही, आणि ‘लाल विंचू’ हे रोजचं नाव तर शीर्षकात नाहीच. शास्त्रीय नावाशेजारी दोन साधे शब्द असते, तर शोध सोपा झाला असता.

भारतात चाचणीची नोंद करताना सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत दोन शीर्षकं द्यावी लागतात, एक शास्त्रीय आणि एक लोकांसाठी. अशा दुसऱ्या रकान्यात अनेकदा पहिलंच थोडं छाटून टाकलेलं असतं. महाडच्या चाचणीसाठी मी तिथे लिहिलं असतं: ‘लाल विंचू चावल्यावर प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्याने रुग्ण लवकर बरा होतो का?’ संमतीपत्रावर सही करण्याआधी रुग्णाच्या भावाने हे वाचलं, तर प्राझोसिन दोन्हीकडे मिळणार आहे आणि प्रतिविषाचा गुण अजून ठरायचा आहे, या दोन्ही गोष्टी तो डॉक्टरला विचारून पक्क्या करून घेऊ शकेल.